रोहित्राचा चोवीस तासांचा हिशेब

पुण्याच्या पेठांमध्ये महावितरणची रोहित्रे ११ किलोव्होल्टचा दाब घरगुती पातळीवर आणतात. गाभ्यातली लोहहानी भार असो वा नसो, चोवीस तास चालूच असते. गुंडाळ्यांतली ताम्रहानी मात्र भाराच्या वर्गाप्रमाणे वाढते. दोन्ही समान होतात, त्या भाराला कार्यक्षमता सर्वाधिक असते.

समजा, १०० केव्हीए रोहित्राची लोहहानी २५० वॅट आणि पूर्ण भारावरची ताम्रहानी १६०० वॅट आहे. ४० टक्के भारावर ताम्रहानी २५६ वॅट होते. सर्वोच्च कार्यक्षमता जवळपास तिथेच मिळते.

शक्तिगुणक एक धरला आणि रोहित्र चार तास पूर्ण भारावर, दहा तास ४० टक्क्यांवर व उरलेला वेळ रिकामे चालले, तर पुरवठा ८०० युनिट होतो. ताम्रहानी सुमारे ९ आणि लोहहानी ६ युनिट. दिवसभराची कार्यक्षमता सुमारे ९८.२ टक्के. रिकाम्या तासांतही लोहहानी चालूच राहते, म्हणून वितरण रोहित्रात ती मुद्दाम कमी ठेवतात.