पायाने चालणारा नळ



आजच्या भाषणासाठी मी एक लहानसाच विषय घेतला आहे. चार काठ्या, एक रिकामा कॅन, थोडी दोरी आणि साबणाची अर्धी वडी एवढ्या सामानात, जिथे नळाचे पाणी नाही तिथे हात धुण्याची सोय कशी करावी, हे मी सांगणार आहे. शिक्षक बंधुभगिनींनी जवळ कागद-पेन्सिल ठेवली तर बरे होईल, कारण मापे सांगायची आहेत.

मी प्राथमिक शिक्षक होतो. माझी बरीच नोकरी टँकरच्या गावांत गेली. अशाच एका शाळेत, दुपारच्या खिचडीआधी हात धुतलेच पाहिजेत असा नियम मी केला. उन्हाळ्याचे दिवस होते. तिसऱ्या दिवशी चौथीतली एक मुलगी माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, हात सगळ्यांनी धुवायचे, पण पाणी आम्ही दोघींनीच का आणायचं?” मी चौकशी केली. पिंपात पाणी राहावे म्हणून दोन मोठ्या मुली रोज मधल्या सुट्टीआधी विहिरीवर जात आणि दोन घागरी भरून आणीत. त्या दोन घागरी साठ मुलांचे हात धुण्यात संपत. म्हणजे माझ्या नियमापायी दोन मुलींचा रोजचा एक तास बुडत होता. नियम मोडावा की मुलींना पाण्याला पाठवावे, असा पेच पडला.

तेव्हा एवढे पाणी जाते कुठे, ते आम्ही मोजून पाहिले. तुम्हीही हा प्रयोग वर्गात करा. खाली परात ठेवा, दहा मुलांना नेहमीप्रमाणे तांब्याने हात धुवायला सांगा आणि परातीतले पाणी मापाने मोजा. आमच्या परातीत पाच लिटरच्या आसपास पाणी जमले. म्हणजे एका मुलामागे अर्धा लिटर. ह्यातले हातांच्या उपयोगी पडलेले पाणी फारच थोडे होते. एका हातात तांब्या धरला की धुवायला एकच हात उरतो, आणि एक हात स्वतःला चोळू शकत नाही. मग दुसरे कोणी पाणी ओतायला लागते. ओतणारा काही मध्येच थांबत नाही. साबण चोळेपर्यंत धार चालूच राहते. शिवाय तोच तांब्या मळक्या हातांनी धरून पुन्हा पिंपात बुडवला जातो, आणि एकाच्या हातची घाण सगळ्यांच्या पाण्यात उतरते.

दोन्ही हात मोकळे राहावेत, आणि पाणी हवे तेवढाच वेळ पडावे, एवढेच साधायचे होते. ते काम पायाकडे सोपवता येते. आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात १९८०च्या दशकात डॉ. जिम वॉट यांनी वाळलेला भोपळा टांगून, तो कलता करून हात धुण्याची युक्ती काढली. पुढे भोपळ्याच्या जागी प्लास्टिकचा कॅन आला आणि त्याला पायाची काठी जोडली गेली. इंग्रजीत ह्याला ‘टिप्पी टॅप’ म्हणतात. आमची मुले त्याला ‘पायनळ’ म्हणत. आपणही तेच नाव घेऊ.

आता बांधणी सांगतो. प्रथम कॅन निवडा. खाण्याच्या तेलाचा पाच लिटरचा, वर मूठ असलेला कॅन घ्यावा. पिकावर फवारायच्या औषधाचा कॅन कितीही धुतलेला असला तरी घेऊ नका. ते विष प्लास्टिकमध्ये मुरलेले असते, आणि ह्याच हातांनी मुले पुढे घास घेणार असतात. तेलाचा कॅन गरम पाणी आणि साबण घालून, आत मूठभर वाळू टाकून खळखळून धुवावा.

कॅनचे झाकण ज्या बाजूला असते ती पुढची बाजू. त्या बाजूला, झाकणाखाली सहा बोटांवर, म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटरवर, एक छिद्र पाडायचे. बारीक खिळा सांडशीत धरून तापवा आणि टेकवा. छिद्र ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असावे. लहान छिद्र मोठे करता येते, मोठे लहान करता येत नाही. मी पहिल्या वेळी घाईने छपराचा जाड खिळा वापरला. पाणी भसाभसा गेले आणि वीस मुलांतच कॅन रिकामा झाला. तो कॅन झाडांना पाणी घालण्याच्या कामी लागला.

दुसरे छिद्र सुईएवढे, झाकणाच्या मध्यावर पाडा. ते हवेसाठी. ते नसेल तर धार आधी नीट पडते, मग गुटगुट आवाज करीत तुटते. असा आवाज आला की छिद्र बुजले आहे असे समजावे.

आता उभारणी. बेचके असलेल्या दोन मेढी घ्या, प्रत्येकी दीड मीटर लांब. दोन हात अंतर ठेवून पहारेने खड्डे घ्या आणि मेढी चाळीस सेंटिमीटर खोल रोवून दगडांनी ठेचून पक्क्या करा. बेचक्यांत आडवी काठी ठेवा, पण ठेवण्यापूर्वी ती कॅनच्या मुठीतून ओवून घ्या. कॅन काठीवर इकडे-तिकडे सरकू नये म्हणून मुठीच्या दोन्ही अंगांना काठीवर दोरीचे जाड वेढे द्या. ह्या मापाने कॅनचे छिद्र साधारण सात-आठ वर्षांच्या मुलाच्या छातीशी येते. लहान वर्गांसाठी मेढी एक वीत अधिक खोल रोवाव्यात.

शेवटी पायकाठी. ही दोन हात लांब. तिचे एक टोक जिथे मूल उभे राहणार तिथे जमिनीवर टेकते. ते बांधायचे नाही, मोकळेच ठेवायचे. दुसरे टोक कॅनच्या तोंडाच्या बरोबर खाली, जमिनीपासून एक वीत वर राहील अशा बेताने दोरीने कॅनच्या गळ्याला बांधायचे. पाऊल काठीवर दाबले की दोरी गळा खाली ओढते, कॅन पुढे कलतो आणि छिद्रातून बारीक धार येते. पाऊल उचलले की कॅन आपल्याच वजनाने सरळ होतो आणि धार बंद पडते. बंद करायचे विसरले असे इथे होऊच शकत नाही. सगळी बचत ह्या एका गोष्टीत आहे.

दोरीची लांबी मात्र जुळवून घ्यावी लागते. आखूड असेल तर कोणी दाबले नसतानाही कॅन कललेला राहतो आणि ठिबकतो. लांब असेल तर काठी जमिनीला टेकते पण पाणी येत नाही. म्हणून पहिले दोन दिवस सरकगाठ ठेवा, आणि बेत जमला की पक्की गाठ मारा. पाणी भरताना ते छिद्राच्या खालीच राहू द्या. कोणी नसताना कॅनखालची जमीन ओली दिसली, तर एक तर पाणी जास्त भरले आहे किंवा दोरी आखूड आहे.

साबणाच्या अर्ध्या वडीला भोक पाडून ती सुतळीने आडव्या काठीला टांगा, आणि तिच्यावर नारळाची करवंटी टोपीसारखी उपडी ओवा. ही टोपी पावसासाठी आहे, तशीच कावळ्यासाठीही आहे. कावळा साबण पळवतो, हे तुम्हांला सांगायला नको.

कॅनखाली एक हात लांब-रुंद आणि एक वीत खोल खड्डा करून त्यात खडी भरा, म्हणजे चिखल होणार नाही. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी मुरत नाही. तिथे लहान चर काढून ते केळीच्या किंवा पपईच्या आळ्याकडे न्यावे.

आता हिशेब करू. पायनळ झाल्यावर आम्ही परात पुन्हा खाली ठेवली. दहा मुलांचे मिळून अर्धा लिटर पाणी जमले. म्हणजे एका मुलामागे पन्नास मिलिलिटर, लहान कपभरही नाही. साठ मुलांना तांब्याने तीस लिटर लागत होते, पायनळाने तीन लिटर लागू लागले. कॅन छिद्रापर्यंत भरला की साडेतीन लिटरच्या आसपास पाणी बसते. पाणी कमी होईल तसा कॅन जास्त कलवावा लागतो, आणि शेवटचे अर्धा लिटर आतच राहते. म्हणजे एका भरणीत साठ मुलांचे भागते. दोन घागरींची खेप थांबली. तीन लिटर पाणी कोणत्याही मुलाला पिंपातून भरता येते, आणि ते काम आम्ही पाळीने सर्वांना दिले, मुलग्यांना सुद्धा.

एक अडचण मात्र राहिली, ती वेळेची. साबणाने हात चोळायला वीस सेकंद हवेत. ओले करणे आणि धुणे धरून एका मुलाला अर्धा मिनिट लागते. साठ मुलांना अर्धा तास, तोवर खिचडी गार होते. म्हणून मुलाने हात ओले करून साबण लावावा आणि बाजूला होऊन चोळावेत. तोवर दुसऱ्याने पुढे यावे. मोठ्या शाळेत दोन किंवा तीन पायनळ शेजारी-शेजारी उभारावेत.

पायनळाला मर्यादाही आहेत. तो पाणी शुद्ध करीत नाही. त्यात गढूळ पाणी घालू नये, आणि त्यातले पाणी पिऊ नये. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, तेव्हा सावलीची जागा निवडावी आणि चीर दिसली की कॅन बदलावा. आठवड्यातून एक दिवस कॅन पूर्ण रिकामा करून आतून धुवावा. नाही तर आत हिरवे शेवाळ धरते, आणि झाकण उघडे राहिले तर डेंग्यूचे डास त्यात अंडी घालतात. अंड्याचा डास व्हायला आठवड्याहून थोडे अधिक दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नियम चुकवू नये.

पायनळ उभा राहिला त्या आठवड्यात ती चौथीतली मुलगी मधल्या सुट्टीआधीच्या तासाला प्रथमच वर्गात बसली होती. तो गणिताचा तास होता. साठ मुले, दर मुलाला पन्नास मिलिलिटर, एकूण पाणी किती, हे उदाहरण मी फळ्यावर घातले. उत्तर तिने सर्वांच्या आधी सांगितले.