गुलालातला गडी आणि मागची गर्दी



चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. उंचच उंच सासनकाठ्या नाचत येतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, ‘चांगभलं’च्या गजरानं डोंगर दुमदुमतो. कोल्हापुरातले हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकार त्या दिवशी पहाटेच डोंगर गाठतात. रात्री घरी येऊन संगणकावर फोटो उघडले, की बऱ्याच जणांना एकच गोष्ट खटकते. काठीचा तोल सांभाळणारा गडी नेमका टिपलेला असतो, त्याच्या मानेच्या ताणलेल्या शिराही दिसत असतात. पण नजर त्याच्यावर ठरत नाही. ती मागच्या नारळाच्या दुकानावरल्या निळ्या ताडपत्रीकडे जाते, तिथून पिवळ्या डिजिटल फलकाकडे, तिथून कुणाच्या तरी पांढऱ्याशुभ्र सदऱ्याकडे. चैत्रातलं दुपारचं ऊन सगळ्यांवर सारखंच पडलेलं असतं, त्यामुळे मुख्य माणूस आणि मागची गर्दी एकाच पातळीवर येऊन बसतात.

अशा वेळी पहिला विचार सुचतो तो माणूस कापून काढण्याचा. कडेनं निवड करायची, मागचं सगळं उडवायचं किंवा धूसर करायचं. चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवर हीच पद्धत चालते आणि तिथे ती योग्यही आहे, कारण तिथला माणूस कुठे उभा होता याच्याशी कुणाला कर्तव्य नसतं. जोतिबाच्या फोटोत मात्र ही कात्री चालत नाही. हवेत उडालेला गुलाल अर्धपारदर्शक असतो. त्याच्या प्रत्येक कणाआडून मागचं दृश्य झिरपत असतं. घामानं चिकटलेले केस, हलणारा फेटा, काठीला ताण देणारे दोर, यांपैकी कशालाही स्वच्छ कडा नसते. कुठेतरी रेघ ओढून कापलं की गुलालाचा ढग मध्येच तुटतो आणि गडी दुसरीकडून आणून चिकटवल्यासारखा दिसतो.

म्हणून जाणकार छायाचित्रकार कापाकापीच्या वाटेला जात नाहीत. ते मागची गर्दी तिथेच ठेवतात आणि फक्त तिचा उजेड नि रंग थोडा खाली आणतात. पूर्ण फोटोवर नव्हे, हव्या त्या भागावर. लाइटरूम, डार्कटेबल, स्नॅपसीड अशा बहुतेक साधनांत ही सोय आहे. सोपी वाटते, पण बिघडते ती प्रमाणात.

आपण वर वर्णन केलेलाच फोटो घेऊ. मधोमध गडी, हातात काठी, मागे देवळाची काळ्या दगडाची भिंत, तिच्यासमोर ताडपत्री, फलक आणि माणसांची दाटी. काही करण्याआधी फोटो पडद्यावर अगदी लहान करून, डोळे किलकिले करून बघायचा. बारीकसारीक तपशील विरघळतात आणि नजर कुठे अडकते ते लगेच कळतं. डोळा ओढला जातो तो सर्वांत उजळ जागेकडे, सर्वांत भडक रंगाकडे आणि अक्षरांकडे. आपल्या फोटोत या तिन्ही गोष्टी गड्याच्या मागे आहेत.

सुरुवात उजेडापासून करावी. गड्याभोवती एक मोठा लंबगोल मुखवटा काढायचा आणि तो उलटा करायचा, म्हणजे परिणाम लंबगोलाच्या बाहेर होईल. कडेचा मऊपणा, ज्याला फेदर म्हणतात, सत्तर-ऐंशीच्या घरात ठेवायचा. मग बाहेरच्या भागाचं एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपनं उतरवायचं. अर्धा स्टॉप म्हणजे जवळपास तीस टक्के उजेड कमी. ऐकायला हे फार वाटतं, पण डोळ्याला ते जेमतेम जाणवतं, आणि तेच हवं असतं. लंबगोल नुसता चेहऱ्यापुरता काढला तर पायांखालची जमीन अचानक काळवंडते आणि माणूस तरंगायला लागतो. म्हणून तो खाली पावलांच्या सावलीपर्यंत उतरलेला हवा. सासनकाठीची अडचण वेगळीच. ती लंबगोलाच्या बाहेर, वर आकाशात गेलेली असते, त्यामुळे अर्ध्यावरून ती काळी पडत जाते. काठीवरून हलक्या ब्रशनं मुखवटा पुसून घेतला की ती पुन्हा एकसंध होते.

या टप्प्यावर एक छोटी युक्ती उपयोगी पडते. लाइटरूम क्लासिकमध्ये मुखवटा कुठे आहे ते दाखवणारा थर लाल रंगाचा असतो. गुलालाच्या फोटोत तो दिसतच नाही. कीबोर्डवरची `O` ही कळ तो थर दाखवते किंवा लपवते, आणि `Shift+O` दाबत गेलं की त्याचा रंग बदलतो. हिरवा रंग घेतला की काम किती पसरलं आहे ते स्पष्ट दिसतं.

आता ताडपत्री आणि फलक. इथे बरेच जण दोघांनाही एकच औषध देतात: सॅच्युरेशन खाली ओढतात. ताडपत्री शांत होते, पण फलक तसाच टोचत राहतो. कारण असं, की शुद्ध पिवळा रंग डोळ्याला मुळातच अतिशय उजळ वाटतो आणि शुद्ध निळा बराच गडद. रंग काढून घेतला की पिवळ्याचा जवळजवळ पांढरा ठिपका होतो, आणि पांढरा ठिपका नजर ओढण्यात पिवळ्यापेक्षा कमी नाही. निळ्याचा मात्र गडद राखाडी होतो आणि तो भिंतीत मिसळून जातो. म्हणून फलकाचा आधी उजेड उतरवायचा, हायलाइट्स चाळीसेक अंकांनी खाली आणि एक्स्पोजर आणखी थोडं, आणि मग रंग. ताडपत्रीचं उलट. तिला आणखी काळं केलं तर तिचा निळा उलट भरदार होऊन बसतो, म्हणून तिथे आधी रंग कमी करायचा. या एका फरकाकडे लक्ष दिलं तरी निम्मं काम होतं.

रंग किती कमी करावा? वजा वीस ते वजा पस्तीस पुरेसं असतं. वजा शंभरावर नेलं की मागचं जग करड्या राखेसारखं होतं. गड्याच्या गालावर आजूबाजूच्या गुलालाची गुलाबी झाक पडलेली असते. मागचा गुलालच करडा झाला तर ती झाक कुठून आली याचा मेळ बसत नाही. शिवाय जोतिबाच्या यात्रेतला गुलाबी रंग हा सजावटीचा भाग नाही, तो त्या दिवसाचा विषयच आहे. त्याला हात न लावता मागचे निळे, हिरवे आणि पिवळे तेवढे शांत करावेत. एवढं झाल्यावर गड्याच्या चेहऱ्याला स्टॉपचा पाचवा हिस्सा उजेड द्यावा. मागची बाजू आणखी काळी करण्यापेक्षा हा मार्ग कधीही बरा.

बिघडलं आहे हे ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे डोक्याभोवती आणि खांद्यांभोवती दिसणारं फिकट वलय. मुखवट्याची कडा टणक असली किंवा ब्रश शरीरापासून अंतर राखून फिरवला असला, की हे वलय उमटतं. शंभर टक्के मोठं करून कानामागे आणि फेट्याच्या कडेला बघावं. दुसरी खूण जमिनीवर सापडते. एकाच उन्हात उभ्या असलेल्या गड्याच्या पायाजवळची माती लख्ख आणि दोन हातांवरची माती संध्याकाळसारखी दिसली, तर उजेड खोटा झाला. भर दुपारच्या फोटोत एका स्टॉपपेक्षा जास्त फरक क्वचितच पचतो. जेपीईजी फाइलवर काम केलं असेल तर आकाशात पायऱ्यांसारखे पट्टेही दिसू लागतात. रॉ फाइलमध्ये ते सहसा येत नाहीत. मोबाइलवर स्नॅपसीडचा ब्रश वापरणाऱ्यांनी एकाच वेळी जोर न लावता कमी ताकदीचे हात दोन-तीनदा फिरवावेत, आणि कडेजवळ जाताना फोटो मोठा करून घ्यावा, कारण फोटो मोठा केला की तोच ब्रश त्यावर बारीक पडतो.

हे तंत्र संगणकाबरोबर आलेलं नाही. डार्करूममध्ये छपाई करणारे कारागीर पुठ्ठ्याला भोक पाडून मागच्या भागावर जास्त वेळ प्रकाश पाडत. कागदावर जितका जास्त प्रकाश, तितका तो भाग काळा. पुठ्ठा सतत हलता ठेवावा लागे. हात थांबला की कडा उमटायची. आजचा फेदर म्हणजे तोच हलता हात.

कोल्हापूरला तर या विचाराची जुनी ओळख आहे. बाबूराव पेंटर यांनी सिनेमात येण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले होते. पुढे येणाऱ्या नटाला मागच्या चित्रानं झाकता कामा नये, हे पडदे रंगवणाऱ्याला पहिल्यांदा शिकावं लागतं. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ पडद्यावर आला. त्याच्या नंतर आलेल्या बोलपटातलं मंद, काळोख्या उजेडात टिपलेलं झोपडीचं आणि कुत्र्याच्या रडण्याचं दृश्य जे. बी. एच. वाडिया यांच्यासारख्या चित्रपटकाराच्या स्मरणात राहिलं. तिथे काळोख छायाचित्रणातच होता, नंतर चढवलेला नव्हता. जोतिबावरही शक्य असेल तर छायाचित्रकारानं दोन पावलं बाजूला सरून ताडपत्रीऐवजी देवळाची काळी भिंत गड्याच्या मागे घ्यावी. रात्रीची बरीच मेहनत वाचते.

फोटो वर्तमानपत्रात छापायचा असेल तर हात आणखी आखडता घ्यावा लागतो. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि गडद भाग आणखी गडद होतात. पडद्यावर सुरेख वाटलेली सावळी गर्दी सकाळी अंकात नुसता काळा डाग होऊन येते. आणि त्या डागात माणसं असतात: लेकराला खांद्यावर घेतलेली आई, हात जोडलेले म्हातारबाबा. ती गावाकडून चालत आलेली माणसं आहेत, त्यांना काळोखात बुडवणं हे केवळ तांत्रिक अपयश राहत नाही.

‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या जागतिक स्पर्धेचा नियम इथे नेमका लागू पडतो. घनता, कॉन्ट्रास्ट, रंग किंवा सॅच्युरेशन बदलून मागची पार्श्वभूमी, वस्तू किंवा माणसं झाकून टाकली, तर तो फोटो स्पर्धेत चालत नाही. उजेड कमी-जास्त करायला बंदी नाही. फोटोतला आशय लपवायला आहे. स्पर्धेत भाग घेणार नसलेल्यांनीही हीच कसोटी लावावी. काम झाल्यावर मूळ फोटो शेजारी ठेवावा आणि मागचा प्रत्येक चेहरा, जो मूळ फोटोत ओळखू येत होता, तो अजून ओळखू येतो का ते पाहावं. येत नसेल तर स्लायडर निम्म्यावर आणावा.

येत्या चैत्रात जे डोंगर चढणार आहेत, त्यांनी कॅमेरा रॉवर लावून जावं आणि मूळ फाइल कधीही पुसू नये.