पाटल्या सोडवल्या



२०१८ सालची आमच्या घरची हकिगत सांगते. मुलीच्या नर्सिंगची फी ६०,००० रुपये भरायची होती. "पाटल्या देतेस? वर्षाच्या आत तुझ्या हातात घालीन," ह्यांनी विचारले. विकायच्या नव्हत्या, म्हणून दिल्या.

बँकेच्या सराफाने कसोटीवर कस पाहिला. चार तोळ्यांवर ७५,००० पर्यंत मिळत होते. हे म्हणाले, "साठच द्या. जास्त घेतले तर फेडायचेही जास्त." पावतीवर वजन बरोबर आहे ना, ते मी दोनदा वाचले.

व्याज शेकडा १०, म्हणजे पहिल्या महिन्याचे ५००. मुदत एक वर्ष. चुकली की आधी नोटीस आणि मग लिलाव! ह्यांनी रात्रपाळी धरली व दरमहा ५,००० मुद्दलात भरले. त्यामुळे दुसऱ्याच महिन्यात व्याज ४५८ वर आले. राहिलेले ५,००० दिवाळीच्या बोनसातले जपून ठेवले होते. अकराव्या महिन्यात खाते मिटले.

पाटल्या पुन्हा तोलून घेतल्या, पावतीशी ताडल्या, मगच ह्यांनी सही केली. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या वर्षाची फी आली आणि मी आपण होऊनच पाटल्या काढून दिल्या.