कॅमेऱ्याला पाणी समोरून नाही, मागून मारतं

आजचा विषय छोटा आहे, पण पावसाळा तोंडावर आला की मला सगळ्यात जास्त फोन याच कारणासाठी येतात. घराच्या बाहेरच्या भिंतीवर लावलेला कॅमेरा एक-दोन पावसाळ्यांत का मरतो आणि तो मरू नये म्हणून लावताना काय करायचं, हे आज बोलू. मी बल्लारपुरात वायरिंगची कामं करतो. उदाहरण मात्र गिऱ्हाईकाचं नाही, माझ्या आत्याच्या घरचं घेतो. कारण तिथली चूक माझी स्वतःचीच होती.

आत्या एकटी राहते. घर पश्चिमेला तोंड करून आहे. फाटकावर नजर राहावी म्हणून मी तिथे नऊ फुटांवर एक साधा बुलेट कॅमेरा लावून दिला. उन्हाळा नीट गेला. जुलैत एका रात्री कोणीतरी फाटकाची कडी वाजवली. आत्यानं टीव्हीवर पाहिलं तर पडदा काळा! रात्रभर ती दिवा लावून बसून राहिली. सकाळी मला फोन आला, "काहून रे बाप्पा, तुझा कॅमेरा दिवसा पायते अन् रात्री डोळे मिटते?"

आत्याचं हे वाक्य म्हणजे अर्धं निदानच होतं. रात्री अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला दिवसापेक्षा बराच जास्त करंट लागतो. जोड गंजलेला असेल तर दिवसाचा थोडा करंट तो कसाबसा पुढे देतो, पण रात्री तिथेच व्होल्टेज पडतं. कॅमेरा बंद होतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद. मी मीटर लावला. कॅमेऱ्याच्या टोकाला दिवसा ११.६ व्होल्ट होते, रात्री दिवे लागल्याबरोबर ९.४. कॅमेरा १२ व्होल्टचा. म्हणजे कॅमेरा ठीक होता, जोड खराब होता.

कॅमेऱ्यामागची प्लास्टिकची चौकोनी पेटी उघडली, तर तळाला बोटभर पाणी. पॉवरच्या पिनवर हिरवी पूड, आणि धन बाजूची तार जवळपास खाऊन गेलेली. ओल आणि डीसी करंट एकत्र आले की तांबं असंच झिजतं.

आता कोणी म्हणेल, कॅमेऱ्यावर तर आयपी ६६ लिहिलं होतं. होतं ना! त्याचा अर्थ असा, की धूळ आत जाणार नाही आणि जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यालाही तो टिकेल. पण हा आकडा कॅमेऱ्याच्या बंद डब्याचा आहे. त्याच्या शेपटीला जे दोन जोड लोंबतात, एक चित्राचा आणि एक पॉवरचा, त्यांना हा आकडा लागू नाही. त्यांना कोरडं ठेवणं हे लावणाऱ्याचं काम.

पाणी आलं कुठून? माझ्या दोन चुका होत्या. पहिली, केबल वरून खाली आणून मी थेट पेटीच्या वरच्या भोकात घातली होती. पावसाचं पाणी केबलला धरून खाली येतं. केबल जिथे जाईल तिथे पाणी जाईल. मी त्याला रस्ताच करून दिला होता. दुसरी, पेटी हलत होती. आपल्याकडे माकडं काय करतात ते सांगायला नको. एखादा हुप्प्या छज्जावरून उतरताना कॅमेऱ्याला लोंबकळला असेल. स्क्रू ढिले झाले, पेटी आणि भिंतीत फट पडली, आणि भिंतीवरून उतरणारं पाणी पेटीच्या मागून आत.

आणि एक तिसरं कारण होतं, ते मला नंतर लक्षात आलं. चंद्रपूरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन खाल्लेली पेटी आतून ६० अंशांपर्यंत तापू शकते. मग संध्याकाळी वळीव आला की ती काही मिनिटांत २८-३० वर येते. आतली हवा आकसते. पेटी पूर्ण बंद असेल तर आतला दाब साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो. ही ओढ म्हणजे पेटी एक मीटर पाण्याखाली धरल्यावर जेवढा दाब येईल तेवढी. रबरावर, जोडावर, जिथे केसाएवढी फट असेल तिथून ती बाहेरचं पाणी आत खेचते. म्हणून "सगळीकडून सिलिकॉन मारलं, तरी पाणी आलं" असं लोक सांगतात. पाणी आलं नाही, पेटीनं ते ओढून घेतलं. आणि खाली निघायला वाट नसल्यामुळे ते तिथेच राहिलं.

आता दुसऱ्यांदा कसं लावलं ते सांगतो.

आधी पक्कं बसवणं. बाहेरच्या भिंतीला प्लास्टर चांगलं पाऊण-एक इंच जाड असतं. गिट्टी फक्त प्लास्टरमध्ये बसली तर माकडाच्या एका हिसक्यात प्लास्टरच्या खपल्यासकट बाहेर येते. गिट्टी विटेत पोचली पाहिजे. म्हणून मी ८ मिलिमीटरची गिट्टी घेतली, भोक अडीच इंच खोल पाडलं, आणि गिट्टी प्लास्टरच्या पृष्ठभागापासून आत ठोकून विटेत बसवली. स्क्रू त्याला पुरेल इतका लांब, आणि स्टेनलेसचा. खोली कळावी म्हणून ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळायची. भोक पाडताना लाल किंवा राखेच्या विटेची पूड आली तर ठीक. बिट मध्येच भसकन आत गेलं तर तो विटांमधला सांधा आहे, ते भोक सोडून जरा सरकायचं. आणि भोकातली धूळ फुंकून काढायची. धुळीत गिट्टी कधीच धरत नाही. पेटी बसल्यावर दोन्ही हातांनी धरून लोंबकळल्यासारखा जोर लावून पाहायचा. हलली तर अजून काम बाकी आहे.

मग भिंतीतलं आरपार भोक. हे सरळ आडवं पाडायचं नाही. बाहेरचं तोंड आतल्यापेक्षा खाली हवं. नऊ इंची भिंतीत अर्धा-पाऊण इंचाचा उतार पुरतो. म्हणजे भोकात पाणी शिरलंच तरी ते बाहेर वळतं, घरात नाही. आत्याकडचं जुनं भोक उलटं, आत उतरणारं होतं. ते मी सिमेंटनं बुजवलं आणि शेजारी नवं पाडलं. ड्रिल चालवण्याआधी आतल्या बाजूला त्या जागेवर बटण किंवा प्लगची पट्टी खाली-वर जात नाही ना, ते पाहायचं. आणि केबल जोड न लावता ओवायची, जोड नंतर लावायचा. म्हणजे भोक लहान राहतं.

आता मुख्य गोष्ट, केबलचा बाक. आपल्या घरांच्या छज्जाखाली, काठाजवळ एक बारीक खोबण असते, पाहिली आहे ना? गवंडी ती एवढ्यासाठी ठेवतो की पाणी छज्जाखालून सरकत भिंतीपर्यंत येऊ नये, त्या खोबणीपाशीच तुटून पागोळी पडावी. केबलला पण अशीच पागोळी पाडायची. केबल पेटीच्या बाजूनं खाली न्यायची, पेटीच्या तळापेक्षा तीन इंच खाली, तिथे गोल वळवायची आणि खालून वर पेटीत घालायची. पाणी केबलवरून उतरतं, बाकाच्या सगळ्यात खालच्या ठिकाणी येतं आणि तिथून गळून पडतं. वर चढून पेटीत जाऊ शकत नाही. बाक आवळून करायचा नाही, केबल मोडते. आणि बाकाच्या तळाला क्लिप मारायची नाही. तो भिंतीला किंवा छज्जाला टेकला तर पाणी तिथून भिंतीवर सरकतं, थेंब पडतच नाही.

भिंतीतल्या भोकापाशीही हाच विचार. केबल भोकातून निघून खालीच जात असेल तर पाणी भोकापासून दूर जातं, तिथे बाकाची गरज नाही. पण केबल गच्चीवरून उतरून भोकात शिरत असेल तर भोकाच्या खालीही एक बाक द्यावाच लागतो.

पेटीत केबल ग्लँडमधून घालायची. ग्लँड म्हणजे नट आणि आत रबराची बांगडी. नट आवळला की रबर केबलला गच्च धरतं. सहा-सात मिलिमीटरच्या गोल केबलला पीजी-९ ग्लँड बसतो. ग्लँड पेटीच्या तळाला, आणि एका ग्लँडमधून एकच केबल. दोन केबल कोंबल्या की दोघींच्या मध्ये फट राहते. चपट्या केबलला तो धरतच नाही.

तळालाच, ग्लँडच्या बाजूला, मी तीन मिलिमीटरचं एक भोक पाडलं. लोकांना हे विचित्र वाटतं. पेटी बंद करायची आणि तिला भोक पण पाडायचं! पण त्या भोकातून पेटी श्वास घेते. आकसताना हवा खेचते, पाणी खेचत नाही. आत ओल आली तरी खालून निघून जाते. फक्त ते भोक पावसाच्या तोंडावर नको, अगदी तळाला हवं, आणि मुंग्या किंवा कुंभारीण माशी घर करू नये म्हणून आतून जाळीचा तुकडा चिकटवायचा. जोडांवर, स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळायची. साधी काळी टेप उन्हात सुटते.

शेवटी सिलिकॉन. पेटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना, भिंतीला लागून. खालची बाजू मोकळी. खालीही मारलं तर मागे शिरलेलं पाणी अडकतं. आणि सिलिकॉन व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं नको, त्या वासाचं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेलं घ्यायचं, कोरड्या आणि पुसलेल्या भिंतीवर लावायचं, आणि एक दिवस सुकू द्यायचं.

मग परीक्षा. पॉवर बंद करून पेटीत कागदी रुमाल ठेवला, झाकण लावलं आणि वरून भिंतीवर दहा मिनिटं मगानं पाणी सोडत राहिलो. आत्या खालून पाहत होती. बाकाखाली थेंब पडत होते, एकामागून एक. पेटी उघडली तर रुमाल कोरडा. रुमालाचा वरचा कोपरा भिजला असता तर वरचं सिलिकॉन, मागची बाजू भिजली असती तर भिंतीशी फट, आणि ग्लँडजवळ भिजला असता तर नट ढिला, असं कळलं असतं.

हे सगळं करून एक मर्यादा राहतेच. रबर आणि सिलिकॉन आपल्या उन्हात कायमचे टिकत नाहीत. म्हणून मी आत्याकडे दर वर्षी मेच्या शेवटी शिडी लावतो, नट आवळतो, खालचं भोक काडीनं मोकळं करतो. अर्ध्या तासाचं काम आहे. दोन पावसाळे झाले. रात्री फाटक वाजलं तर आत्या आता टीव्ही लावते, पाहते, आणि झोपते.

तुमच्या घरी कॅमेरा असेल तर आज फक्त एक पाहा. केबल पेटीत वरून जाते की खालून? वरून जात असेल तर पहिल्या पावसाच्या आत शिडी काढा. पुढच्या भागात भेटू.