ध्वनिटंकन आणि सभेचे इतिवृत्त

गूगल डॉक्समध्ये ‘ध्वनिटंकन’ सुरू करून मराठी भाषा निवडली की चिटणिसांनी उच्चारलेले इतिवृत्त पडद्यावर उमटू लागते. मात्र यंत्र कानी पडलेला ध्वनी टिपते आणि आजूबाजूच्या शब्दांवरून लेखनाचा अंदाज बांधते. तो अंदाज कोठे चुकतो, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

समजा, चिटणीस म्हणाले, ‘वर्धापन दिन साजरा करण्याचे सभासदांनी ठरवले.’ बोलण्याच्या ओघात पडद्यावर ‘वर्धापन दीन साजरा करण्याचं सभासदानी ठरवलं’ असे उमटू शकते. ‘दिन’ हा तत्सम शब्द लेखनात ऱ्हस्व राहतो. उच्चारात मात्र तो ‘दीन’सारखाच दीर्घ होतो. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणीसही चूक सापडत नाही. ‘करण्याचं’, ‘ठरवलं’ ही बोलीची रूपे असून इतिवृत्तात ‘करण्याचे’, ‘ठरवले’ हवे. सर्वांत घातक तो गळालेला अनुस्वार. ‘सभासदानी’ म्हणजे ‘सभासदाने’ की ‘सभासदांनी’? निर्णय एकाचा की सर्वांचा, हे वर्षभरानंतर कोण सांगणार?

म्हणून एकेक वाक्य सांगून थांबावे आणि ते तेथेच तपासावे. विरामचिन्हे हाताने घालावीत. अखेरची तपासणी मोठ्याने वाचून करू नये, कारण ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात. ती डोळ्यांनीच, सभेतील मूळ टिपणे शेजारी ठेवून करावी. विशेषनामे मात्र सभासद-नोंदवहीशी ताडून पाहावीत.