नासकं अंडं येतं कुठून?
(पाड्यावरच्या बैठकीत प्लॉटच्या दाव्यांचं बोलणं झाल्यावर केलेलं भाषण)



मघाशी तारखेला जायच्या गाडीभाड्याचा विषय निघाला, तेव्हा कुणीतरी म्हणालं, अंडी विकून काय होतंय. आम्हा सात घरांचं काय झालं ते सांगतो. आधी चूक सांगतो, मग हिशेब.

आमच्याकडं मिळून चाळीसेक गावठी कोंबड्या. काही रवणीला, काही पिलांमागं. म्हणून आठवड्याला साठाच्या आसपास अंडी निघतात. आधी ती पाड्यावर येणाऱ्या व्यापाऱ्याला द्यायचो. एका अंड्याचा एक रुपया, आणि पन्नासामागं पाच तो "नासकी" म्हणून न बघताच कापायचा. आम्ही म्हटलं, हा लुटतो. शनिवारच्या बाजारात एका खानावळवाल्याशी बोललो. तो दीड रुपया द्यायला तयार झाला. साठ अंडी नेली. त्यातली सात खराब निघाली. एक तर त्यानं गिऱ्हाइकासमोर कढईवर फोडलं. पुढं काय झालं ते तुम्हीच समजा. व्यापारी लबाड होता हे खरं, पण आमच्या टोपलीत नासकी अंडी होती हेही खरं.

घरी येऊन आम्ही सातही घरं बसलो आणि ती सात अंडी कुठून आली याचा माग काढला. तीन होती कुडाच्या मागं झुडपात सापडलेल्या घरट्यातली. कोंबडी तिथं कधीपासून घालत होती कुणाला ठाऊक? दोन होती खुडूक कोंबडीच्या खालची. तिनं दोन-तीन दिवस ऊब दिली होती, मग आम्ही तिला उठवलं आणि अंडी टोपलीत टाकली. उरलेली दोन म्हणजे खुणेची अंडी. कोंबडीनं त्याच जागी परत घालावं म्हणून आपण एक अंडं खुराड्यात ठेवतो ना, तेच. दोन घरांतली जुनी खुणेची अंडी पोरांनी ताज्यांबरोबर उचलली होती.

म्हणजे सातही अंडी अशी की ती किती दिवसांची ते आम्हाला माहीत नव्हतं. तेव्हापासून आमचा एकच नियम: ज्या अंड्याचा वार माहीत नाही ते विकायचं नाही.

आता हे करतो कसं ते ऐका. कोंबड्या बहुतेक दुपारच्या आत घालतात. म्हणून एकदा दहा-अकराला आणि एकदा दुपारनंतर अंडी उचलायची. रात्रभर खुराड्यात अंडं राहू द्यायचं नाही. खुणेला अंडं ठेवायचं नाही, चुना लावलेला गुळगुळीत दगड ठेवायचा. कोंबडी फसते, आपण फसत नाही. उचललं की शिसपेन्सिलीनं रुंद बाजूला वार आणि घराचा नंबर लिहायचा. "सो २" म्हणजे सोमवार, दोन नंबरचं घर. शाईचा पेन नको, शाई टरफलातून आत उतरते.

घाण लागलेलं अंडं धुवायचं नाही. आम्हीही आधी चकचकीत दिसावं म्हणून धुवायचो. टरफलाला बारीक छिद्रं असतात आणि वरून कोंबडीनंच दिलेला पातळ थर असतो. तो थर पाण्यानं जातो. गार पाणी लागलं की आतलं आकसतं आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. सुकी माती असेल तर कोरड्या फडक्यानं हळू पुसा. विष्ठेनं माखलेलं असेल तर ते घरी ठेवा आणि नीट शिजवून खा. खरा उपाय खुराड्यातच आहे. कोरडा पेंढा घाला, आठवड्याला बदला.

अंडं सावलीत, गारव्याला ठेवायचं. आम्ही माठ ओल्या वाळूवर ठेवतो, आत भाताचं तूस, त्यात निमुळतं टोक खाली करून अंडी. जवळ रॉकेल, कांदा, सुकट ठेवायची नाही, अंड्याला वास लागतो. आपल्या कळपात कोंबडा असतो, म्हणून आपली अंडी रवणीची असतात. त्यानं खाण्याला काही बिघडत नाही. पण उन्हाळ्यात घरातल्या उष्म्यानंही आत पिलू धरू लागतं, कोंबडी बसायचीही गरज नाही. म्हणून थंडीत आठवड्याची अंडी नेतो, पण उन्हाळ्यात शनिवारच्या बाजाराला मंगळवारनंतरचीच. त्याआधीची घरात पोरांना.

शुक्रवारी रात्री सगळ्यांची अंडी एका घरी येतात. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडायचं, मागून बॅटरी लावायची, अंधारात एकेक अंडं भोकावर धरून फिरवायचं. ताजं अंडं आतून स्वच्छ दिसतं, बलकाची नुसती पुसट सावली. रुंद टोकाला हवेची पोकळी असते. ती जितकी मोठी तितकं अंडं जुनं. कोळ्याच्या जाळ्यासारखे लाल धागे किंवा लाल कडं दिसलं तर पिलू धरलेलं आहे. पूर्ण काळं दिसलं तर नासलेलं, ते लांब पुरायचं. बारीक चीर असली तर उजेडाची रेघ दिसते. गडद टरफलाच्या अंड्यात नीट दिसत नाही, आणि एखाद-दोन दिवसांची ऊबही कळत नाही. म्हणून बॅटरी असली तरी वार लिहिणं सुटत नाही.

पाण्यात टाकून बघायची जुनी रीत आहे. ताजं तळाला आडवं बसतं, जुनं उभं राहतं, नासकं तरंगतं. ती रीत खरी आहे, पण भिजलेलं अंडं टिकत नाही. म्हणून ती घरच्या अंड्यांना ठेवा.

मग दोन ढीग करायचे. आपल्या गावठीची दहा अंडी साधारण चारशे ग्रॅम भरतात. तेवढी भरणारी एका ढिगात, तलंगांची बारकी दुसऱ्या ढिगात. बारकी वेगळी दाखवून कमी भावात द्यायची. खाली बारकी आणि वर मोठी असं करायचं नाही. टोपली रिकामी होताना ते दिसतंच.

तीन शनिवार आम्ही असं केलं, पण खानावळवाला घ्यायला तयार नव्हता. चौथ्या वेळी बावन्न अंडी त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, तूच कुठलीही पाच फोड, खराब निघालं तर सगळी फुकट. पाचही चांगली निघाली. दीडच्या भावानं अठ्ठ्याहत्तर रुपये मिळाले. व्यापाऱ्यानं पाच कापून सत्तेचाळीस दिले असते. एकतीस रुपयांचा फरक. पुढच्या तारखेला आमच्यातले दोघं गेले ते याच पैशांवर.

नंतर एकदा एक खराब निघालं. त्यावर "गु ५" लिहिलेलं होतं. बदलून दिलं आणि पाच नंबरच्या घरी गेलो. भांडायला नाही, बघायला. खुराड्याच्या पत्र्यावर दुपारचं ऊन येत होतं. वर पळसाची पानं टाकली. पैसे ज्याच्या त्याच्या नंबराप्रमाणे वाटतो, म्हणून कुणाचा कुणावर संशय नाही.

ज्यांना बघायचं असेल त्यांनी शुक्रवारी रात्री यावं. येताना आपली दोन अंडी आणा, बॅटरीवर धरून बघू.

जिंदाबाद!