आमच्या ओतशाळेचा रौप्यमहोत्सव



पंचवीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात ही ओतशाळा काढली, तेव्हा पहिल्याच मागणीतील पंपांचे ओतीव भाग गिऱ्हाइकाने परत पाठविले. लेथवर कातताच त्यांत छिद्रे उघडी पडली होती. मी लोखंडास दोष दिला. साचे भरणारे आमचे वृद्ध मिस्त्री म्हणाले, "मालक, वाळू ओली आहे." फाजील ओलाव्याची वाफ होते, ती रसात कोंडते व तेथे पोकळी राहते. त्यांनी मूठभर वाळू दाबून मोडून दाखविली. गोळा स्वच्छ तुटावा, पण तळहात भिजू नये. पुढे चार महिने पगार थकला, तरी ते व त्यांचे सोबती गेले नाहीत. आजही रोज सकाळी तीच मूठ पाहूनच काम सुरू होते. त्या हातांस माझा कृतज्ञ नमस्कार.